बोक्याने कॅटनिप हुंगलं आणि पाठ फिरवली

पत्र

राजा आमचा चार वर्षांचा बोका, ऑपरेशन झालेला. मी दिवसभर बँकेत असते, तो घरी एकटा कंटाळतो म्हणून एप्रिलमध्ये ऑनलाइन कॅटनिप, म्हणजे मांजरांना भुलवणारा वाळलेला पाला, मागवलं. पाकीट उघडलं त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंची मांजर आली होती. ती टॉवेलवर टाकलेल्या चिमटीवर लोळली, लाळ गाळली, वेडीपिशी झाली. राजाने मात्र हुंगलं आणि पाठ फिरवली. आता जूनपासून चिंगी नावाचं पिल्लू आणलंय, चार महिन्यांचं. तिलाही त्याच पाकिटातलं देऊन पाहिलं, काही नाही. सासूबाई म्हणतात, मांजराला गांजा चढवायची कसली हौस! मैत्रीण म्हणते त्याऐवजी सिल्व्हरवाइन नावाच्या वेलाची पूड आण, पण ती फार महाग आहे. शेवटी कॅट ग्रास म्हणून घरचीच मालदांडी ज्वारी कुंडीत पेरली. बोटभर उगवली आहे आणि ती राजा आवडीने खातो. राजात काही कमी आहे का? की मला बनावट माल मिळाला? — एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती ज्वारीची कुंडी उचला आणि राजाचं तोंड पोचणार नाही अशा जागी रिकामी करा.

तुम्ही सोलापूरच्या आहात, म्हणजे घरात कुणी ना कुणी शेतीतलं असेल. त्यांना विचारा, कोवळ्या ज्वारीत जनावर का सोडत नाहीत. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं, चुरडलं की त्यातून सायनाइड सुटतं. रोप जितकं कोवळं तितकं ते जास्त, आणि पाण्याचा ताण बसला की आणखी वाढतं. रोप मोठं होईल तसं ते कमी होत जातं, म्हणूनच वाळलेला कडबा गुरं वर्षभर खातात आणि त्यांना काही होत नाही. तुमच्या कुंडीत उगवलं आहे ते नेमकं त्या पिकाचं सगळ्यात वाईट वय. राजाने आजवर चार पाती कुरतडली असतील आणि तो ठणठणीत असेल तर घाबरून जाऊ नका, एवढ्याने बहुधा काही होत नाही. पण कोंब खाल्ल्यावर तो धापा टाकायला लागला, लाळ गाळायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या आणि 'ज्वारीचे कोंब खाल्ले' हे पहिल्या वाक्यात सांगा.

याच कारणाने आणखी एक सांगते, कारण नवरात्र फार लांब नाही. घटाखाली आपण जे धान्य पेरतो त्यात बहुतेक घरी गव्हाबरोबर ज्वारीही असते. दसऱ्याला ते हिरवे-पिवळे तुरे इतके सुंदर दिसतात की मांजर त्यावर तुटून पडतं आणि आपल्यालाही वाटतं, खाऊ दे, आयतं गवत आहे. सात धान्यांच्या त्या गर्दीत ज्वारीचा कोंब कुठला आणि गव्हाचा कुठला हे मलाही ओळखता येत नाही. घट मांजरापासून दूरच बरा.

आता पुन्हा पेराल तर गहू पेरा. एक मूठ गहू पुरे. दुकानातून शेतीचं बियाणं आणू नका, त्याला बहुतेक वेळा गुलाबी किंवा निळसर रंगाचं बुरशीनाशक चोळलेलं असतं. घरच्या डब्यातले गहू घेणार असाल तर कीड लागू नये म्हणून त्यात बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या टाकल्यात का ते आठवा. टाकल्या असतील तर त्यातले घेऊच नका, किराण्यातून पावभर साधे गहू आणा. आठ तास भिजवा, पसरट कुंडीत दोन इंच माती घालून त्यावर दाणे एकमेकांना चिकटतील इतके दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. हाताने पाणी शिंपडा, ओतू नका. तिसऱ्या दिवशी कोंब दिसतील, आठव्या-दहाव्या दिवशी चार-पाच इंच होतील. तेव्हा कुंडी जमिनीवर ठेवून द्या. पिवळं पडायला लागलं की फेकून नवीन लावा, कुंडी दोन आठवड्यांहून जास्त चालत नाही. एका वाचकाने मागे पाकिटातले ओट्स पेरले आणि महिनाभर वाट पाहिली. ते आधीच वाफवून चपटे केलेले असतात, त्यांचा जीव कधीच गेलेला असतो.

एका गोष्टीकडे मात्र वाकून बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यापाशी पांढरी लव दिसते आणि लोक बुरशी समजून कुंडी फेकतात. ती मुळांची लव असते. पाणी शिंपडलं की ती ओली होऊन मुळाला चिकटते आणि दिसेनाशी होते. खरी बुरशी शिंपडल्यावरही कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर ताणलेली राहते आणि कुंडीला कुबट वास येतो. पावसाळ्यात आणि मे महिन्यात दोन्ही वेळा हे होतं, एकदा दमटपणाने, एकदा तापलेल्या ओल्या मातीने. अशी कुंडी देऊ नका.

आणि गवत खाऊन राजा कधीमधी ओकला तर तो आजारी आहे असं नाही. मांजरं गवत खातात ती बहुतेक वेळा आजारी नसतानाच, आणि खाल्ल्यावर काही जणांना उलटी होते, काहींना नाही. जंगलातल्या पूर्वजांना आतड्यातले जंत बाहेर ढकलायला पाल्याचा उपयोग होत असावा, तीच सवय उरली, असं अभ्यासक मानतात. रोज उलटी, उलटीत रक्त, किंवा चोवीस तास तोंडात काही न घेणं, याचा दोष मात्र गवतावर ढकलू नका.

आता कॅटनिप. कॅट ग्रास, कॅटनिप आणि सिल्व्हरवाइन ही एकाच मालाची तीन रूपं आहेत, एक नाही चाललं तर दुसरं, असं तुमच्या पत्रातून वाटतं. तसं नाही. गवत पोटाची गोष्ट आहे, त्याने मांजराला काही चढत नाही. बाकीच्या दोन नाकाच्या गोष्टी आहेत. 'राजा गवत खातो पण कॅटनिपला भुलत नाही' यात काही विसंगती नाही, जसं एखाद्याला भाकरी आवडते पण अत्तर आवडत नाही.

कॅटनिप म्हणजे नेपेटा कॅटारिया, आपल्या पुदिन्याच्या आणि तुळशीच्या कुळातलं झुडूप. त्याच्या पानात नेपेटालॅक्टोन नावाचं उडून जाणारं तेलकट द्रव्य असतं. वास नाकात गेला की मांजर गाल घासतं, हनुवटी घासतं, लोळतं, काही जणी लाळ गाळतात. पाच ते पंधरा मिनिटांत खेळ संपतो आणि पुढचा तासभर किंवा दोन तास तेच पान नाकाखाली धरलं तरी काही होत नाही. काकूंची मांजर 'वेडी' झाली ती एवढीच.

सासूबाईंच्या गांजाच्या शेऱ्याला माझ्याकडे एक सरळ उत्तर आहे. जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली सिल्व्हरवाइनमधल्या नेपेटालॅक्टॉलवर, म्हणजे कॅटनिपमधल्या द्रव्याच्या जवळच्याच द्रव्यावर, प्रयोग केले. त्या वासाने मांजराच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढतं, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते सुखाचं द्रव्य. ते रोखणारं औषध आधी दिलं की त्याच मांजराचं घासणं-लोळणं कमी होतं. म्हणजे नशा बाहेरून आत भरली जात नाही, आतलं दार वास उघडतो. आपलं आपण थांबतं, चटक लागत नाही. त्याच प्रयोगात आणखी एक गंमत दिसली. हे द्रव्य डोक्यावर घासलेल्या मांजरांवर डास कमी बसत होते. म्हणजे हे लोळणं-घासणं निव्वळ चाळा नसून अंगाला डासांचं औषध चोळून घेणं असावं. (म्हणून राजाला डेंग्यूचा रखवालदार करू नका, पाण्याची टाकी झाका.)

मग राजाला काय झालं? बहुधा काहीच नाही. साधारण तीनातली दोन मांजरं कॅटनिपला प्रतिसाद देतात, उरलेली देत नाहीत. नील टॉड या संशोधकाने 1962 सालीच दाखवलं की ही गोष्ट आईबापांकडून येते. पुढे कळलं की त्यात एकच नव्हे, बरीच जनुकं गुंतलेली असावीत. त्यामुळे न भुलणारं मांजर म्हणजे कमी हुशार, कमी प्रेमळ किंवा आजारी मांजर नव्हे. काहींचं जिभेचं टोक नाकाला लागतं, काहींचं लागत नाही, तसं आहे ते. तुम्ही राजाला कॅटनिप दिलंत आणि त्याने ते 'नाकारलं', असं पत्रभर वाटत राहतं. त्याने तुम्हाला काही नाकारलेलं नाही.

मात्र एवढ्यावरच शिक्का मारायला मी तयार नाही, कारण तुमची परीक्षाच नीट झालेली नाही.

बनावट मालाची शंका आधी निकालात काढू. त्याच संध्याकाळी त्याच चिमटीवर शेजारची मांजर लोळली, म्हणजे एप्रिलमध्ये माल खरा होता आणि ताजा होता. दुकानदाराला दोष देता येणार नाही. पण मग राजा का थंड राहिला, याची एक नव्हे, दोन कारणं असू शकतात. एक, जन्मजात. दुसरं, त्याच्या घरात, त्याच्या टॉवेलवर, परकी मांजर नुकतीच लोळून गेली होती आणि तिच्या लाळेचा, अंगाचा वास त्यावर होता. बोक्यासाठी ती बातमी कॅटनिपहून मोठी असते. कान मागे, शेपटी हलती, नजर दाराकडे, अशा अवस्थेत मांजर पाने हुंगून निघून जातं. तो अंगाला अंग न लावता दूर बसला होता का, की निवांत होता, हे तुम्हालाच आठवेल. काही मांजरं तर अशीही असतात की लोळत नाहीत, आवाज कमी करून पुढचे पंजे जोडून शांत बसून राहतात. त्यांना काही झालंच नाही असं आपण लिहून टाकतो.

चिंगीचं कोडं त्याहून सोपं आहे. चार महिन्यांचं पिल्लू बहुधा प्रतिसाद देतच नाही. सहा महिन्यांच्या पुढे, कधी वर्षभराने तो सुरू होतो. शिवाय तिला दिलं ते एप्रिलमध्ये उघडलेलं पाकीट. ते तुम्ही कुठे ठेवलं होतं हे लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत ओट्याच्या वरच्या फळीवर असतं. सोलापूरचा मे तुम्हाला मी सांगायला नको. बेचाळीस अंशांत स्वयंपाकघरात ठेवलेल्या पाकिटातून ते उडणारं तेल केव्हाच उडून गेलं असणार. ओळखायची सोपी खूण आहे. चिमूटभर पानं तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चुरडा आणि हुंगा. पुदिन्याच्या जवळचा, थोडा कडवट हिरवा वास आला पाहिजे आणि चुरा हिरवट राखाडी दिसला पाहिजे. जुन्या गवतासारखा वास आणि तपकिरी भुगा म्हणजे ते पाकीट संपलं, त्याने मांजराची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. माझ्याकडे एकदा असंच एक पाकीट आलं होतं, 'ताजं' म्हणून. दवाखान्यातल्या तीन मांजरांनी एकामागोमाग त्याकडे पाठ केली तेव्हा मला मांजरांवर नव्हे, पाकिटावर शंका आली.

तर राजाची परीक्षा अशी घ्या. लहान, नवं पाकीट आणा आणि येताच ते हवाबंद बरणीत फ्रीजरमध्ये ठेवा. रविवारी दुपारी, जेवून दोन-एक तास झालेले, घरात पाहुणे नाहीत, चिंगी दुसऱ्या खोलीत दार बंद करून. कुठल्याही मांजराचा वास नसलेला, धुतलेला जुन्या चादरीचा तुकडा घ्या. सोलापुरात त्याची वाण नाही. त्यावर अर्धा चमचा पानं बोटांनी चुरडून टाका आणि बाजूला बसा. नाकाशी नेऊ नका, हाक मारू नका. दहा मिनिटं पाहा. काही झालं नाही तर तुकडा गुंडाळून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा. असं तीनदा झालं आणि तरी काही नाही, तर राजा त्या एक-तृतीयांशातला, असं बिनधास्त मानायला हरकत नाही. सर्दी, शिंका, नाक वाहत असेल तर मात्र आधी ते बरं होऊ द्या. नाक चोंदलेल्या मांजराला कशाचाच वास येत नाही. आणि उलट, कधी काळी लोळणारं मांजर अचानक थांबलं, तर आधी पाकीट, मग नाक तपासा.

मैत्रिणीचं सिल्व्हरवाइन इथे कामाला येतं. हे जपान, कोरिया, चीनच्या डोंगरातलं वेल, किवी फळाच्या जवळचं. जपानात त्याला मातातबी म्हणतात. 2017 मध्ये शंभर मांजरांवर झालेल्या अभ्यासात सुमारे 80 टक्के मांजरं त्याला भुलली, आणि कॅटनिपकडे पाठ फिरवणाऱ्यांपैकी सुमारे पाऊण हिश्शाला सिल्व्हरवाइन चाललं. त्यात नेपेटालॅक्टॉलसकट एकाहून जास्त द्रव्यं असतात, म्हणून जाळं मोठं पडतं. विकत घेताना एकच गोष्ट पाहा. फळाच्या पुटकुळीची पूड सगळ्यात जोमदार. एक बारीक माशी फुलाच्या कळीत अंडी घालते, त्यामुळे फळ वेडंवाकडं, फोडांसारखं फुगतं, त्याच वाळवून केलेल्या पुडीत दम असतो. पाकिटावर 'फ्रूट गॉल' असे शब्द शोधा. काड्या त्यामानाने सौम्य, पण कुरतडायला बऱ्या. एकदम महागडा मोठा डबा घेऊ नका. एका मांजराला पाव चमच्याहूनही कमी पूड पुरते, लहान पाकिटाने वर्ष निघतं. काडी टोकाला झाडूसारखी फाटली किंवा तुकडा गिळण्याइतका लहान झाला की फेका, तिचे टोकदार तुकडे हिरडीत घुसतात.

तुम्ही दोन्हींचं प्रमाण विचारलेलं नाही, पण विचाराल. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रोज दिलं तर विषबाधा होत नाही, पण परिणाम बोथट होतो. पानं भरपूर खाल्ली तर पोट बिघडतं, एखादी उलटी किंवा जुलाब होतात आणि थांबतात. अर्काच्या तेलाच्या बाटल्या मांजराजवळही नेऊ नका, पानाची चिमूट आणि तेलाचा थेंब यांत फार अंतर आहे. गाभण मांजरीला यातलं काही नको. काही बोके या वासाने मवाळ न होता तिरसट होतात, ओरबाडतात. म्हणून चिंगी मोठी झाल्यावरही राजाला आणि तिला पहिल्यांदा वेगवेगळं द्या, दोघांची तऱ्हा कळली की मग एकत्र.

आयुर्वेदिक दुकानातला तगर गंठोडा (म्हणजे व्हॅलेरियनच्या कुळातलं मूळ) मांजरांना आवडतो, असं कुणी सांगितलं तर एक लक्षात घ्या. अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर वेगळी, तिचा चीक विषारी. नावाच्या घोळात बागेतलं पान तोडून देणारे मी पाहिले आहेत. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारी खोकली, म्हणजे कुप्पी, तिच्या मुळावरही मांजरं अशीच भाळतात. तीही देऊ नका, तिच्यातही सायनाइड सोडणारं द्रव्य आहे.

राहिली तुमची मूळ गरज, दिवसभर एकटा राहणारा राजा. दहा मिनिटांच्या वासाने आठ तासांचं एकटेपण भरत नाही, त्यासाठी तुम्ही कॅटनिप मागवलं असेल तर तो सौदा मुळात तोट्याचा होता. याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. राजा सोफा ओरबाडत असेल तर सुतळी घट्ट गुंडाळलेला एक खांब सोफ्याशेजारी उभा करा आणि आठवड्यातून एकदा पूड त्या सुतळीत चोळा. नखांची जागा बदलायला ती मदत करते. आणि सकाळी बँकेत जाण्याआधी पंधरा मिनिटं दोरीला चिंधी बांधून त्याला पळवा, मग लगेच त्याचं खाणं द्या. शिकार, जेवण, झोप, हा त्यांचा क्रम आहे, झोपेत दुपार निघून जाते. दोरी मात्र जाताना कपाटात, गिळली तर आतडं अडतं. राजाला यातल्या कुठल्याच वासाने नाही भुलवलं तरी खांब आणि हा खेळ चालतातच.

चिंगीची परीक्षा दिवाळीनंतर घ्या. तोवर ते नवं पाकीट फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीमागे. आणि बरणीवर नाव लिहा, नाहीतर सासूबाई कसुरी मेथी समजून भाजीत टाकतील.